वरचं खरं, खालचंही खरं, तरी उत्तर चुकतं: विधिशास्त्रातले विधान-कारण प्रश्न

नेट-सेटसाठी विधिशास्त्र शिकवताना दरवर्षी एक प्रश्न मी फळ्यावर लिहिते. वर विधान: केल्सनचा सिद्धांत कायद्याचा 'शुद्ध' सिद्धांत म्हणून ओळखला जातो. खाली कारण: केल्सनच्या मते ग्रुंडनॉर्म हे गृहीत धरलेलं मानक आहे. वर्गातले अर्ध्याहून जास्त हात पहिल्या पर्यायाला वर होतात. दोन्ही वाक्यं केल्सनची, दोन्ही खरी, दोन्ही एकाच प्रकरणात वाचलेली, त्यामुळे खालचं वाक्य वरच्याचं कारण असणारच असं वाटून जातं. उत्तर मात्र दुसरा पर्याय आहे: दोन्ही विधानं बरोबर, पण खालचं हे वरच्याचं योग्य स्पष्टीकरण नाही.

पर्याय चार असतात. दोन्ही बरोबर आणि खालचं वरच्याचं योग्य स्पष्टीकरण. दोन्ही बरोबर, पण स्पष्टीकरण नाही. वरचं बरोबर, खालचं चूक. वरचं चूक, खालचं बरोबर. शेवटच्या दोन पर्यायांत अभ्यास केलेला माणूस सहसा अडकत नाही, कारण तिथं फक्त माहिती तपासली जाते. खरी ओढाताण पहिल्या दोनांत असते, आणि तीही विधिशास्त्रात जास्त जाणवते. करार कायद्यात कलम आणि त्याचा परिणाम यांचं नातं कायद्यातच लिहिलेलं असतं. विधिशास्त्रात तुमच्यापुढे एका विचारवंताच्या डोक्यातली साखळी असते. कोणती कडी कुठल्या कडीला जोडलेली आहे, हे माहीत नसेल तर सगळ्याच कड्या शेजारी-शेजारी दिसतात.

मराठीत विचार करणाऱ्याला आणखी एक अडचण येते. प्रश्नातच दुसऱ्या वाक्याला 'कारण' असं नाव दिलेलं असतं. वाचताना मनात 'विधान अमुक, कारण तमुक' असं सरळ म्हटलं जातं, आणि 'कारण' हे आपलं रोजचं उभयान्वयी अव्यय दोन वाक्यांना आपोआप शिवून टाकतं. जे तपासायचं असतं तेच वाचता वाचता मान्य होऊन बसतं. म्हणून मी मुलांना पहिल्या दिवसापासून 'विधान' आणि 'कारण' म्हणूच देत नाही. एक वरचं वाक्य, एक खालचं वाक्य. या लेखातही मी तेच शब्द वापरते.

आधी खालचं वाक्य झाका

वरचं वाक्य एकटं वाचा आणि ते खरं की खोटं ठरवा. खरं असेल तर खालचं वाक्य वाचायच्या आधी स्वतःला विचारा, 'हे असं का?' मनात येईल ते उत्तर कच्च्या कागदावर चार-पाच शब्दांत उतरवा. पूर्ण वाक्य नको, सुबकही नको. परीक्षा संगणकावर असली तरी कच्चा कागद मिळतो, तो याचसाठी वापरा.

केल्सनचा सिद्धांत शुद्ध का? त्याला कायद्याच्या अभ्यासातून नीती, राजकारण, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र बाहेर ठेवायचं होतं. कायदा कसा असावा किंवा लोक तो कशामुळे पाळतात हे त्याच्या अभ्यासाचे प्रश्नच नव्हते. 1934 साली त्याचा ग्रंथ पहिल्यांदा आला आणि 1960 साली बरीच वाढलेली दुसरी आवृत्ती आली, तरी हा आग्रह सुटला नाही. कच्च्या कागदावर एवढंच लिहायचं: 'नीती-राजकारण बाहेर'. आता खालचं वाक्य उघडा. तिथं ग्रुंडनॉर्म गृहीत धरलेलं आहे असं म्हटलंय. तुमचे तीन शब्द आणि हे वाक्य एकच गोष्ट सांगतात का? नाही सांगत.

या पायरीचा फायदा हा, की तुम्ही खालच्या वाक्याकडे रिकाम्या हाताने जात नाही. हात रिकामा असला की समोर ठेवलेलं कुठलंही खरं वाक्य कारणासारखं दिसतं. वर्गातली एक मुलगी ही पायरी वेळखाऊ म्हणून टाळायची. मग एका सराव पेपरात तिनं फक्त असे प्रश्न गोळा करून पुन्हा सोडवले आणि मला म्हणाली, "मॅडम, मी खालचं वाचून वरच्याचं कारण शोधत होते. माझ्याकडे स्वतःचं कारण नव्हतंच." तिची वही माझ्या डोळ्यासमोर आहे: प्रत्येक प्रश्नाशेजारी पेन्सिलीनं लिहिलेले तीन-चार शब्द, आणि ज्या प्रश्नाशेजारी जागा कोरी, नेमकी तिथंच चूक.

ती कोरी जागा स्वतःच एक माहिती आहे. वरच्या वाक्याचं 'का' तुम्हाला सांगता येत नसेल, तर त्या भागाचा अभ्यास कच्चा राहिला आहे आणि पुढच्या सगळ्या कसोट्या तिथं अर्धवटच चालतील.

मग खालचं वाक्य एकटं तपासा

खालच्या वाक्याची सत्यता तपासताना वरचं विसरा. इथं शब्द बारकाईनं वाचायचे. 'ग्रुंडनॉर्म गृहीत धरलेलं असतं' हे खरं. 'ग्रुंडनॉर्म म्हणजेच संविधान' हे चूक, कारण केल्सनच्या मांडणीत ग्रुंडनॉर्म संविधानाच्या मागे उभं असतं: इतिहासातल्या पहिल्या संविधानाप्रमाणे वागावं, हे गृहीतक. फरक दोन शब्दांचा, पण उत्तर दुसऱ्या पर्यायावरून तिसऱ्यावर जातं. नातं तपासायचा उत्साह इतका वाढतो की सत्यता तपासायची राहून जाते. दुसऱ्या पर्यायाचा खूप सराव केलेल्या मुलांकडून ही चूक जास्त होते, त्यांना सगळीकडे 'स्पष्टीकरण नाही' दिसायला लागतं.

'कारण', 'म्हणून' आणि 'शिवाय'

दोन्ही खरी ठरली की वाक्यं तीन प्रकारे जोडून मनात वाचा. आधी 'कारण' घालून वरून खाली, मग 'म्हणून' घालून पुन्हा वरून खाली, शेवटी दोघांमध्ये 'शिवाय' घालून.

केल्सनवर करून पाहू. 'सिद्धांत शुद्ध आहे, कारण ग्रुंडनॉर्म गृहीत धरलेलं आहे.' कानाला बरं वाटतं, पण पटत नाही. आता उलटं: 'सिद्धांत शुद्ध ठेवायचा होता, म्हणून ग्रुंडनॉर्म गृहीत धरावं लागलं.' हे मात्र चपखल बसतं. का ते नीट बघू, कारण या प्रश्नाचं सगळं मर्म इथंच आहे.

चौकात पोलीस हवालदारानं तुम्हाला चलन फाडलं. ते का मानायचं? मोटार वाहन कायदा, 1988 त्याला अधिकार देतो म्हणून. तो कायदा का मानायचा? संसदेनं केला म्हणून. संसदेला अधिकार कुठून? 26 जानेवारी 1950 पासून लागू असलेल्या संविधानातून. आणि संविधान का मानायचं? इथं कुणी म्हणेल, लोकांनी ते स्वीकारलं म्हणून. केल्सनला हे उत्तर चालत नाही. लोकांनी स्वीकारलं ही एक घटना झाली, आणि 'असं आहे' यातून 'असं असावं' निघत नाही, हा त्याचा पाया आहे. संविधान न्याय्य आहे म्हणून, असं म्हटलं तर नीती आत आली. घटनाही नको, नीतीही नको, तर साखळीचं शेवटचं टोक बांधायचं कुठं? संविधानाप्रमाणे वागावं हे गृहीत धरायचं, एवढीच वाट उरते.

म्हणजे शुद्धतेच्या आग्रहातून गृहीतक जन्माला येतं. बाण वरच्या वाक्याकडून खालच्याकडे जातो, आणि पहिला पर्याय विचारतो तो बाण खालून वर जायला हवा. नातं आहे, पण उलट्या दिशेचं, आणि उलट्या दिशेच्या नात्याला वेगळा पर्याय नसतो. ते दुसऱ्या पर्यायातच बसतं. हुशार मुलांची सगळ्यात जास्त दमछाक इथं होते. त्यांना नातं दिसतं, आणि ते खरोखर असतंही, म्हणून ती पहिला पर्याय निवडतात. प्रश्न 'यांचा संबंध आहे का' असा नसतोच. 'खालच्यामुळे वरचं आहे का', एवढंच विचारलेलं असतं.

'शिवाय'ची कसोटी वेगळ्या जोड्यांसाठी कामाला येते. दोन वाक्यांमध्ये 'शिवाय' अगदी सहज बसत असेल, तर ती बहुधा एकाच माणसाबद्दलच्या दोन सुट्या गोष्टी आहेत. 'साविनीनं 1814 साली जर्मनीसाठी नागरी संहिता करायला विरोध केला, शिवाय 1803 साली त्यानं ताब्यावर ग्रंथ लिहिला होता.' वाचताना काहीच खटकत नाही. आता खरं स्पष्टीकरण घालून पाहा: 'संहिता करायला विरोध केला, शिवाय त्याच्या मते कायदा लोकांच्या सामूहिक चेतनेतून हळूहळू वाढतो.' इथं 'शिवाय' अडखळतं, जीभ आपोआप 'कारण'कडे जाते. मराठी कानाला हा फरक कळतो, त्याचा उपयोग करून घ्यावा.

तारीख कधी कधी एका क्षणात निकाल देते

हेन्री मेन यांच्यावरचा प्रश्न घ्या. वर: पुरोगामी समाजांची वाटचाल दर्जाकडून कराराकडे झाली, असं मेननं मांडलं. खाली: मेन भारतात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचे विधी सदस्य होते. दोन्ही खरी. मनात लगेच एक सुंदर गोष्ट तयार होते: मेन भारतात आले, जाती पाहिल्या, एकत्र कुटुंब पाहिलं आणि दर्जाचा सिद्धांत सुचला. भारतीय विद्यार्थ्याला ही गोष्ट फार आवडते. पण दर्जाकडून कराराकडे हे सूत्र आलं 1861 सालच्या त्यांच्या ग्रंथात, आणि मेन भारतात पोचले 1862 साली. नंतरची गोष्ट आधीच्या गोष्टीचं कारण होऊ शकत नाही. त्या सूत्रामागे प्रामुख्यानं रोमन कायद्याचा अभ्यास होता. भारताचा परिणाम त्यांच्या पुढच्या लेखनावर झाला, पण प्रश्न या सूत्राबद्दल आहे.

म्हणून विचारवंतांच्या तारखा पाठ करताना सुट्या पाठ करू नका. एका ओळीत, आधी काय आणि नंतर काय या क्रमानं लिहा. अशा प्रश्नात नेमकं साल आठवलं नाही तरी चालतं, पण क्रम आठवायला हवा.

एकाच सिद्धांतातल्या चुकीच्या जोड्या

सर्वात कुशलतेनं रचलेले प्रश्न इथं असतात. हार्टचं उदाहरण बघा. वर: हार्टच्या मते फक्त प्राथमिक नियमांवर चालणाऱ्या समाजात अनिश्चितता हा दोष राहतो. खाली: बदलाचा नियम समाजाला जुने नियम जाणीवपूर्वक बदलण्याची सोय देतो.

हार्टनं 1961 सालच्या ग्रंथात तीन दोष सांगितले आणि प्रत्येकाला एक उपाय जोडला. नियम नेमका कोणता हे कळत नाही, ही अनिश्चितता. तिच्यावर उपाय ओळखीचा नियम, ज्याला आपण रूल ऑफ रेकग्निशन म्हणतो. नियम साचून राहतात, मुद्दाम बदलता येत नाहीत, त्यावर बदलाचा नियम. नियम मोडला की नाही हे ठरवणारं कुणी नसतं, म्हणून दबाव विस्कळीत राहतो, त्यावर न्यायनिर्णयाचा नियम.

वरच्या प्रश्नात दोष पहिल्या जोडीतला आहे आणि उपाय दुसऱ्या जोडीतला. इतकं कळलं की दुसरा पर्याय नक्की होतो. पण जरा थांबा. समजा खाली ओळखीचा नियमच असता: 'ओळखीचा नियम कोणता नियम कायदा आहे हे ठरवण्याची कसोटी देतो.' मग पहिला पर्याय होईल का? तरीही नाही. अनिश्चितता का आहे, याचं उत्तर 'अशी कसोटी त्या समाजात नाही' हे आहे. 'कसोटी काय काम करते' हे उपायाचं वर्णन झालं. औषधाचं काम सांगितल्यानं रोगाचं कारण सांगितलं असं होत नाही. खालचं वाक्य 'अशा समाजात नियम ओळखण्याची सर्वमान्य कसोटी नसते' असं असतं, तर पहिला पर्याय बरोबर ठरला असता. दोष आणि उपाय, कारण आणि परिणाम, व्याख्या आणि उदाहरण या जोड्या परीक्षकाच्या आवडत्या आहेत. खालचं वाक्य यांपैकी कोणतं काम करतंय, हे एका शब्दात सांगता आलं की गुंता सुटतो.

काढून बघण्याची कसोटी, आणि ती कुठं फसवते

बऱ्याच ठिकाणी एक सोपी युक्ती शिकवली जाते: खालचं वाक्य खोटं आहे असं समजा, वरचं टिकतं का बघा. टिकलं तर स्पष्टीकरण नाही. मूर्तीच्या प्रश्नात ही झकास चालते. वर: हिंदू मंदिरातली देवता मालमत्ता धारण करू शकते. खाली: इंग्लंडमध्ये 1897 सालच्या सॉलोमन खटल्यात कंपनी तिच्या भागधारकांपासून वेगळी व्यक्ती आहे, असं ठरलं. सॉलोमन खटला झालाच नसता असं समजा. देवाच्या नावावर जमीन राहिली असती का? नक्की राहिली असती. देवतेचं कायदेशीर व्यक्तित्व हिंदू कायद्याच्या स्वतःच्या परंपरेतून आलं, आणि 1925 साली प्रिव्ही कौन्सिलनं प्रमथनाथ मल्लिक खटल्यात ते स्पष्टपणे मान्य केलं. कंपनी आणि देवता ही एका संकल्पनेची दोन उदाहरणं आहेत. एक भाऊ दुसऱ्या भावाचा बाप होत नाही.

पण हीच युक्ती आंधळेपणानं वापरली तर उलटते. वर: हार्टनं ऑस्टिनचा आज्ञा-सिद्धांत अपुरा ठरवला. खाली: मृत्युपत्र किंवा करार करण्याचा अधिकार देणारे नियम आज्ञेच्या साच्यात बसत नाहीत. खालचं काढून टाका. वरचं पडतं का? पडत नाही, कारण हार्टकडे आणखी आक्षेप होते. कायदे करणाऱ्यांनाही कायदा बांधून ठेवतो. रूढी कुणाच्या आज्ञेतून जन्मत नाही. एक राजा गेला आणि दुसरा आला, तर नव्या राजाचे आदेश पहिल्या दिवसापासून कायदा का, हे आज्ञापालनाच्या सवयीनं सांगता येत नाही. युक्तीप्रमाणे गेलात तर दुसरा पर्याय निवडाल आणि चुकाल. अधिकार देणारे नियम हे हार्टचं अगदी ठळक कारण आहे, उत्तर पहिला पर्याय.

तेव्हा वरच्या वाक्याला एकापेक्षा जास्त स्वतंत्र कारणं असतील, तर काढून बघण्याच्या कसोटीवर निकाल देऊ नका. तिथं एवढंच विचारा: खालचं वाक्य त्या विचारवंतानं स्वतः दिलेल्या कारणांपैकी आहे का? स्पष्टीकरण म्हणजे एकमेव कारण असायलाच हवं, असं प्रश्न म्हणत नाही.

एक अवघड जोडी शेवटपर्यंत

आता सगळं एका प्रश्नावर लावू. वर: ऑस्टिनच्या मते आंतरराष्ट्रीय कायदा खऱ्या अर्थानं कायदा नसून ती नीतिनियमांची व्यवस्था आहे. खाली: ऑस्टिनच्या मते शास्तीची भीती हा आज्ञेचा आवश्यक घटक आहे.

खालचं झाकून वरचं. खरं. 1832 सालच्या त्याच्या व्याख्यानांमध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याला तो सकारात्मक नीतीच्या खात्यात टाकतो. का? कागदावर: 'राष्ट्रांवर सार्वभौम नाही'. खालचं एकटं. तेही खरं, आज्ञा म्हणजे न पाळल्यास अनिष्ट भोगावं लागेल अशा धाकासह व्यक्त केलेली इच्छा.

आता जोडणी. 'आंतरराष्ट्रीय कायदा कायदा नाही, कारण आज्ञेला शास्ती लागते.' हे पटवण्यासाठी मध्ये एक न लिहिलेलं वाक्य घालावं लागतं: 'आणि आंतरराष्ट्रीय कायद्याला शास्ती नाही.' हे पुलाचं वाक्य ऑस्टिनचं आहे का? इथं मूळ वाचलेल्याला फायदा होतो. राष्ट्रांची कर्तव्यं नैतिक शास्तीनं, म्हणजे इतर राष्ट्रांचं वैर ओढवून घेण्याच्या भीतीनं, पाळली जातात असं ऑस्टिन स्वतः म्हणतो. कोणत्याच प्रकारची शास्ती नाही, असं त्याचं म्हणणं नाही. राष्ट्रांवर सत्ता चालवणारा निश्चित असा वरिष्ठ नाही, ते नियम सर्वसाधारण मतातून येतात, यावर त्याचा भर आहे. पूल तुटला, म्हणून दुसरा पर्याय.

पुलाच्या वाक्याची ही तपासणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. प्रत्येक स्पष्टीकरणात एखादं वाक्य मनातल्या मनात घालावं लागतंच. ते त्याच सिद्धांतातलं आणि खरं असेल तर चालतं. ते तुम्ही स्वतः रचलेलं असेल, किंवा दोन-तीन वाक्यं लागोपाठ रचावी लागत असतील, तर पहिला पर्याय सोडा. तरी एक सांगते: काही पुस्तकं ऑस्टिनचा युक्तिवाद 'शास्ती नाही म्हणून कायदा नाही' असा थोडक्यात देतात, आणि उत्तरतालिका त्याच पुस्तकावर बेतलेली असेल तर याच जोडीला पहिला पर्याय दिलेला सापडू शकतो. सराव संचात असं दिसलं तर गोंधळून आपली पद्धत बदलू नका. खालच्या वाक्यात फक्त शास्ती आहे की सार्वभौमही आहे, ते पुन्हा वाचा. 'आज्ञा सार्वभौमाची असावी लागते' असं असेल तर पहिला पर्याय बिनदिक्कत निवडा, कारण मग पुलाचं वाक्य 'राष्ट्रांवर सार्वभौम नाही' हे होतं आणि ते ऑस्टिनचंच आहे.

वेळ आणि सराव

नेटमध्ये दोन्ही पेपर मिळून 150 प्रश्न आणि तीन तास, म्हणजे प्रश्नामागे सव्वा मिनिटसुद्धा पूर्ण नाही. सगळ्या कसोट्या प्रत्येक प्रश्नाला लावायच्या नसतात. झाकून 'का' विचारणं मात्र दरवेळी करायचं, त्याला दहा-पंधरा सेकंद पुरतात. तुमचे चार शब्द आणि खालचं वाक्य जुळलं तर तिथंच थांबा. जुळलं नाही तर 'म्हणून' लावून दिशा बघा. तरीही शंका राहिली तरच पूल शोधा. नेटला चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडायचा नाही.

घरी सराव करताना प्रश्नसंच कमी सोडवा आणि प्रश्न स्वतः जास्त रचा. एक खरं वाक्य घ्या, उदाहरणार्थ 'सर्वोच्च न्यायालयानं घोषित केलेला कायदा अनुच्छेद 141 प्रमाणे भारतातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे'. त्याखाली चार खरी वाक्यं लिहा: एक त्याचं खरं स्पष्टीकरण, एक त्याचा परिणाम, एक शेजारची पण सुटी गोष्ट, एक दुसऱ्याच कुणाची. परिणामाच्या जागी मुलं बऱ्याचदा लिहितात की 1955 च्या बेंगाल इम्युनिटी खटल्यात सर्वोच्च न्यायालय स्वतःच्या जुन्या निर्णयांनी बांधलेलं नाही असं ठरलं. हे वाक्य त्या चारांपैकी कुठं बसतं, यावर आमच्या वर्गात एकदा पाऊण तास वाद झाला. 'सर्व न्यायालयं' या शब्दांत सर्वोच्च न्यायालय स्वतः येत नाही, असा त्या निर्णयातला अर्थ आहे. म्हणजे तो अनुच्छेद 141 च्या वाचनातून निघालेला निष्कर्ष झाला. अनुच्छेद 141 असा का आहे, याचं उत्तर तिथं नाही. वादाच्या शेवटी मागच्या बाकावरच्या मुलानं वहीत दोन वाक्यांमध्ये एक बाण काढला, वरून खाली, आणि त्यावर लिहिलं: 'म्हणून'.